गृहकर्ज असूनही नवी करप्रणाली : माझ्या दोन वर्षांचा हिशेब

एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या लेखा विभागाचा ईमेल आला. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी जुनी करप्रणाली हवी की नवी, हे महिनाअखेरपर्यंत कळवायचे होते आणि जे कळवणार नाहीत त्यांचा कर नव्या प्रणालीनुसार कापला जाणार होता. आदल्या वर्षी याच ईमेलकडे मी लक्ष दिले नव्हते. तेव्हा बांधकाम चालू असलेल्या सदनिकेच्या मागे आमची धावपळ चालली होती, त्यामुळे उत्तर राहून गेले आणि वर्षभर माझ्या पगारातून नव्या प्रणालीप्रमाणे टीडीएस कापला गेला. या वेळी मात्र मी ठरवले होते की आता घराचा ताबा मिळाला आहे, गृहकर्जाचा पूर्ण हप्ता सुरू झाला आहे, तेव्हा जुनी प्रणाली निवडायची आणि व्याजाची वजावट घ्यायची. कार्यालयातही जवळजवळ प्रत्येकाचे मत हेच होते की गृहकर्ज असेल तर जुनी प्रणाली आणि नसेल तर नवी.

उत्तर पाठवण्याआधी मी कागदावर आकडे मांडले, आणि ते मांडताना दोन चुका केल्या. त्या चुका सविस्तर सांगते, कारण त्या सहज होण्यासारख्या आहेत आणि त्यांच्यामुळे उत्तर नेमके उलटे येते.

आधी माझी परिस्थिती. मी पुण्यात नोकरी करते. २०२५-२६ मध्ये माझा वार्षिक ढोबळ पगार १५,६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,३०,००० होता आणि त्यात मूळ वेतन ६५,००० होते. मालकाकडून भविष्य निर्वाह निधीत जमा होणारी रक्कम या पगारात धरलेली नाही. नेमणूकपत्रातल्या ‘सीटीसी’त ती असते, पण तो करपात्र पगार नव्हे, आणि हिशेबाला सीटीसीपासून सुरुवात केली तर पहिल्याच ओळीत घोळ होतो. सदनिका आणि कर्ज दोन्ही माझ्या एकटीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून आम्ही तसे केले होते. घर दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांचे असेल तर व्याजाची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. अशा घरात दोघांनी आपापला हिशेब वेगळा करावा लागतो आणि दोघांची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. कर्ज ४० लाखांचे, २० वर्षांचे, त्या वेळी साडेआठ टक्के बदलत्या दराचे होते आणि मासिक हप्ता ३४,७१३ रुपये होता. बँकेने दिलेल्या तात्पुरत्या प्रमाणपत्रानुसार २०२५-२६ मध्ये सुमारे ३,३७,००० रुपये व्याजात आणि ७९,६०० रुपये मुद्दलात जाणार होते. याशिवाय माझ्याकडे पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी, पीपीएफमध्ये वर्षाला ६०,००० आणि आईच्या आरोग्य विम्याचा १७,५०० चा हप्ता, एवढेच होते.

माझ्या पहिल्या कागदावर मी १५,६०,००० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, ३,३७,००० व्याज, निर्वाह निधी आणि पीपीएफ मिळून १,५०,०००, त्याखाली स्वतंत्र ओळीत गृहकर्जाची मुद्दल ७९,६०० आणि आईचा विमा १७,५०० असे सगळे वजा केले. करपात्र उत्पन्न ९,२३,४०० उरले. जुन्या प्रणालीत पहिल्या अडीच लाखांवर कर नाही, अडीच ते पाच लाखांवर ५ टक्के, पाच ते दहा लाखांवर २० टक्के आणि दहा लाखांच्या वर ३० टक्के. त्यानुसार कर ९७,१८० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १,०१,०६७ रुपये झाला.

मग नवी प्रणाली. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तिचे टप्पे बदलले होते. चार लाखांपर्यंत कर नाही, पुढे प्रत्येक चार लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. प्रमाणित वजावट येथे ७५,००० आहे. व्यवसाय कर, राहत्या घराचे व्याज, मुद्दल, पीपीएफ, विमा यांपैकी काहीच वजा होत नाही. म्हणून करपात्र उत्पन्न १४,८५,०००. पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर ४०,००० आणि उरलेल्या २,८५,००० वर १५ टक्के दराने ४२,७५०, असा एकूण १,०२,७५० आणि उपकरासह १,०६,८६० रुपये कर. म्हणजे माझ्या कागदानुसार जुनी प्रणाली सुमारे ५,८०० रुपयांनी स्वस्त ठरत होती. हे उत्तर मला अपेक्षितच होते आणि बहुधा त्यामुळेच मी ते पुन्हा तपासले नाही.

माझे आतेभाऊ करसल्लागार आहेत. त्या रविवारी ते घरी आले असता मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि विचारले, “या घरात तू स्वतः राहतेस ना?”

“हो, दादा. जानेवारीपासून.”

“मग तीन लाख सदतीस हजार कुठून आले? राहत्या घराच्या व्याजाची मर्यादा दोन लाख आहे. बँकेने कितीही घेतले तरी कायदा दोनच लाख मानतो.”

ही पहिली चूक. मर्यादा मला ऐकून माहीत होती, पण बँकेच्या प्रमाणपत्रावर ठळक छापलेला आकडा समोर असल्याने मी तोच उचलला. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम २४ खाली स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांपर्यंतच मिळते. ताब्याआधीच्या काळात भरलेल्या व्याजाचे पाच समान भाग करून ते ताबा मिळालेल्या वर्षापासून पाच वर्षे वजा करता येतात, हे खरे. पण तो पाचवा हिस्साही याच दोन लाखांच्या आत बसावा लागतो. माझे चालू वर्षाचे व्याजच मर्यादेपलीकडे गेलेले असल्याने त्या जुन्या व्याजाचा मला काहीही उपयोग होणार नव्हता. कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले नाही, तर दोन लाखांची मर्यादा ३०,००० वर येते. आमचे कर्ज २०२२ चे आणि ताबा डिसेंबर २०२४ चा, म्हणून ती अडचण आली नाही. ज्यांचे प्रकल्प रखडले आहेत त्यांनी मात्र ही तारीख आधी पाहावी.

दुसरी चूक मुद्दलीची. गृहकर्जाची मुद्दल तेव्हाच्या कलम ८०सी खाली वजा होत असे, पण त्या कलमाची एकूण मर्यादा दीड लाखाची होती आणि निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विमा, मुलांचे शाळेचे शिक्षणशुल्क हे सगळे त्याच दीड लाखात येत असे. मूळ वेतनाच्या १२ टक्क्यांप्रमाणे माझा निर्वाह निधीच वर्षाला ९३,६०० होतो. त्यात पीपीएफचे ६०,००० मिळवले की मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे ७९,६०० च्या मुद्दलीतला एक रुपयाही माझ्या वजावटीत भर घालत नव्हता. पीपीएफ पूर्ण थांबवले असते तरी निर्वाह निधी आणि मुद्दल मिळून १,७३,२०० होतात, म्हणजे दीड लाख तसाही भरतो.

दादांनी कागद उलटा केला आणि पाठीमागे हिशेब पुन्हा मांडला. १५,६०,००० मधून ५०,०००, २,५००, २,००,०००, १,५०,००० आणि १७,५००, म्हणजे एकूण ४,२०,००० वजा. करपात्र उत्पन्न ११,४०,०००. दहा लाखांपर्यंतचा कर १,१२,५००, वरच्या १,४०,००० वर ३० टक्क्यांनी ४२,०००, मिळून १,५४,५००. उपकरासह १,६०,६८० रुपये. नव्या प्रणालीतले १,०६,८६० तसेच राहिले. आता नवी प्रणाली ५३,८२० रुपयांनी स्वस्त होती.

हे मला लगेच पटले नाही. दोन लाखांच्या व्याजाची वजावट माझ्या ३० टक्क्यांच्या टप्प्यातून जात होती, म्हणजे तिची किंमत उपकरासह ६२,४०० रुपये होती. एवढी रक्कम सोडून देणे शहाणपणाचे कसे, असे मी विचारले. त्यावर दादांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. ६२,४०० हा फरक जुन्या प्रणालीच्या आतला आहे. गृहकर्ज असलेली मी आणि गृहकर्ज नसलेली मी यांच्या करातला. मला निवड करायची होती ती दोन प्रणालींमध्ये, आणि तिथे समोरच्या बाजूला वजावटींऐवजी रुंद टप्पे आणि कमी दर उभे होते. माझ्या पगारावर जुन्या प्रणालीत शेवटचा रुपया ३० टक्क्यांना जात होता आणि नव्या प्रणालीत १५ टक्क्यांना. वजावट गेल्याचे दुःख डोळ्यांना दिसते, कारण ती आपण स्वतः अर्जात लिहितो. दर कमी झाल्याचा लाभ मात्र कुठल्याच अर्जात लिहावा लागत नाही, म्हणून तो मोजायचा राहतो.

त्यानंतर आम्ही तोच प्रश्न उलट्या दिशेने सोडवला, आणि माझ्या मते हीच रीत सर्वांत उपयोगाची आहे. नव्या प्रणालीत माझा उपकरापूर्वीचा कर १,०२,७५०. जुन्या प्रणालीत नेमका एवढाच कर येण्यासाठी करपात्र उत्पन्न किती असायला हवे? पाच लाखांपर्यंतचे १२,५०० बाजूला काढले की ९०,२५० उरतात. ते २० टक्क्यांच्या टप्प्यात ४,५१,२५० च्या उत्पन्नावर येतात. म्हणजे करपात्र उत्पन्न ९,५१,२५० पर्यंत खाली यायला हवे आणि त्यासाठी १५,६०,००० मधून एकूण ६,०८,७५० वजा व्हायला हवेत. माझ्याकडे ४,२०,००० होते. १,८८,७५० कमी पडत होते.

हा ६,०८,७५० चा आकडा माझ्या पगाराचा आहे. पगार बदलला की तो बदलतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्याला लावता येत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार १२,७५,००० होता. त्याला नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता बरोबर १२ लाख उरतात आणि कलम ८७अ च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. जुन्या प्रणालीत शून्य कर हवा असेल तर करपात्र उत्पन्न पाच लाखांवर आणावे लागते, म्हणजे ७,७५,००० च्या वजावटी दाखवाव्या लागतात. त्याच्याकडे गृहकर्ज होते, तरी तेवढ्या वजावटी कुठून येणार? दुसऱ्या टोकाला, पगार २४,७५,००० च्या पुढे गेला की दोन्ही प्रणालींत वरचा दर ३० टक्केच राहतो आणि बरोबरीसाठी लागणारी वजावट प्रमाणित वजावट धरून ८,५०,००० वर येऊन थांबते. गृहकर्जातून राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन लाख आणि ८०सी चे दीड लाख, असे साडेतीन लाखच मिळतात. उरलेली रक्कम दुसरीकडूनच आणावी लागते.

ती दुसरीकडची रक्कम पगारदारांसाठी बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे घरभाडे भत्त्यावरील सूट. आणि इथे माझे कोडे सुटले. भाड्याच्या घरात राहत असताना मला जी सूट मिळू शकत होती, ती स्वतःच्या घरात राहायला गेल्याबरोबर संपली. आमचे भाडे महिन्याला २२,००० होते. २०२५-२६ चे मूळ वेतन धरून त्या भाड्यावरची पूर्ण वर्षाची सूट काढली, तर भाडे २,६४,००० वजा मूळ वेतनाचे १० टक्के ७८,०००, म्हणजे १,८६,००० येते. मला कमी पडत होते १,८८,७५०. म्हणजे गृहकर्ज आणि पूर्ण वर्षाचे भाडे ही दोन्ही ओझी मी एकाच वेळी वाहत असते, तर कुठे जुनी प्रणाली नव्या प्रणालीच्या जवळ पोहोचली असती, आणि तरीही काही शे रुपयांनी मागेच राहिली असती. असे खरोखर ज्यांचे होते, म्हणजे घर गावी किंवा दुसऱ्या शहरात, आईवडील तिथे राहतात आणि नोकरीच्या ठिकाणी स्वतः भाड्याने, त्यांनी हिशेब अवश्य करून पाहावा. दोन्ही वजावटी एकत्र घेता येतात आणि भाडे माझ्यापेक्षा जास्त असेल तर जुनी प्रणाली पुढे जाऊ शकते.

मग माझ्या लक्षात आले की २०२४-२५ मध्ये मी स्वतः नेमकी याच स्थितीत होते. एप्रिल ते डिसेंबर आम्ही भाड्याने राहिलो आणि जानेवारीत नव्या घरात गेलो. त्या वर्षाचे विवरणपत्र अजून भरायचे होते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला प्रणाली दरवर्षी बदलता येते, आणि कार्यालयाला काय कळवले होते त्याने विवरणपत्रातली निवड बांधली जात नाही. जूनमध्ये फॉर्म १६ हातात आल्यावर मी त्या वर्षाचाही हिशेब केला.

२०२४-२५ मध्ये पगार १४,४०,००० आणि मूळ वेतन ६०,००० होते. नव्या प्रणालीचे त्या वर्षीचे टप्पे वेगळे आणि अरुंद होते: तीन लाखांपर्यंत शून्य, सात लाखांपर्यंत ५ टक्के, दहापर्यंत १०, बारापर्यंत १५, पंधरापर्यंत २० आणि पुढे ३०. त्यानुसार १३,६५,००० वर कर उपकरासह १,१७,५२० झाला होता आणि तेवढाच टीडीएस कापलेला होता. जुन्या प्रणालीत नऊ महिन्यांचे भाडे १,९८,०००, त्यातून त्याच नऊ महिन्यांच्या मूळ वेतनाचे १० टक्के ५४,००० गेले की घरभाडे भत्त्याची सूट १,४४,००० होत होती. मिळालेला भत्ता आणि पुण्यासाठी त्या वर्षी असलेली मूळ वेतनाच्या ४० टक्क्यांची मर्यादा हे दोन्ही आकडे यापेक्षा मोठे होते, आणि तिघांतला सर्वांत लहान आकडा धरायचा असतो. व्याज त्या वर्षीही दोन लाखांच्या वर गेले होते. ताबा डिसेंबरात मिळाला असला, तरी बांधकाम ज्या वर्षात पूर्ण होते त्या पूर्ण वर्षाचे व्याज धरता येते, त्यामुळे दोन लाख पूर्ण मिळाले. प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८०सी आणि आईचा विमा धरून एकूण ५,६४,००० वजा झाले. करपात्र उत्पन्न ८,७६,००० आणि कर उपकरासह ९१,२०८. जुनी प्रणाली २६,३१२ रुपयांनी स्वस्त.

तेव्हा एकाच हंगामात मी सरलेल्या वर्षासाठी जुनी आणि चालू वर्षासाठी नवी प्रणाली निवडली. कर्ज तेच होते, घरही तेच होते. बदलले होते ते भाडे आणि टप्पे.

विवरणपत्र भरताना तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागली. पहिले म्हणजे प्रणालीचा प्रश्न. नवी प्रणाली हीच गृहीत धरलेली असल्याने अर्जात विचारले जाते की तुम्हाला नव्या प्रणालीतून बाहेर पडायचे आहे का. जुनी हवी असेल तर उत्तर ‘हो’ द्यावे लागते; घाईत वाचले तर उलटे उत्तर दिले जाते आणि वजावटींचे रकाने निष्प्रभ होतात. पुढच्या पानांवर ८०सी ची रक्कम भरूनही एकूण वजावट शून्य दिसत असेल, तर चूक येथे झाली आहे असे समजावे. दुसरे म्हणजे कागदपत्रांचे तपशील. कार्यालयाने नव्या प्रणालीने कर कापल्यामुळे माझ्या फॉर्म १६ मध्ये घरभाड्याची सूट किंवा व्याज यांपैकी काहीच नव्हते, आणि म्हणून आधीच भरून येणाऱ्या रकान्यांतही ते आले नव्हते. ते सगळे मला स्वतः लिहावे लागले. त्या वर्षीपासून अर्जात कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ कर्ज, ३१ मार्चला शिल्लक असलेली रक्कम, विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, भाडे, मूळ वेतन आणि मिळालेला भत्ता हे सगळे वेगवेगळे विचारले जाते. फॉर्म १६ मध्ये नसलेल्या वजावटी मागितल्या की विचारणा होण्याची शक्यता असते, म्हणून भाडेकरार, भाडे बँकेतून दिल्याच्या नोंदी, भाड्याच्या पावत्या आणि बँकेचे अंतिम व्याज प्रमाणपत्र मी एका फाइलीत लावून ठेवले. एप्रिलमध्ये मिळते ते तात्पुरते प्रमाणपत्र येथे चालत नाही. वर्ष संपल्यानंतरचे घ्यावे.

तिसरी गोष्ट मुदतीची. जुनी प्रणाली मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येते. मुदत टळली तर विलंब शुल्क भरून विवरणपत्र देता येते, पण ते नव्या प्रणालीतच. माझ्या बाबतीत एका दिवसाच्या उशिराची किंमत २६,००० रुपयांहून जास्त झाली असती. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, तरी मी जुलैतच विवरणपत्र भरून आधार ओटीपीने त्याची पडताळणी केली. ऑगस्टमध्ये २६,३१० रुपयांचा परतावा व्याजासह खात्यात आला. दोन रुपये दहाच्या पटीत आणताना गेले.

२०२५-२६ साठी मात्र मी लेखा विभागाला नवी प्रणाली कळवली. तेथील मॅडमनी फोन करून खात्री केली, कारण माझे गृहकर्ज त्यांना माहीत होते. मी आकडे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की गृहकर्ज असलेल्यांपैकी अनेकांनी हिशेब न करता जुनी लिहून दिली आहे. माझा मासिक टीडीएस ८,९०५ झाला. जुन्या प्रणालीत तो १३,३९० झाला असता. जानेवारीत इतरांची पुरावे जमा करण्याची गडबड चालली असताना मला फॉर्म १२बीबी भरायचा नव्हता. विमा विकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मधल्या काळात सुचवले होते की एनपीएसमध्ये स्वतःचे ५०,००० भरावेत, म्हणजे जुनी प्रणाली फायद्याची होईल. तो हिशेबही मी करून पाहिला. ५०,००० वर ३० टक्के आणि उपकर धरून १५,६०० वाचले असते आणि फरक ५३,८२० वरून ३८,२२० वर आला असता. निवृत्तीसाठी पैसे बाजूला ठेवायचे असतील तर ते वेगळे. पण हरणारी प्रणाली जिंकवण्यासाठी ५०,००० अडकवून ती तरीही हरतच होती.

घर भाड्याने देऊन आपण दुसरीकडे राहावे का, यावरही घरात बोलणे झाले. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज नव्या प्रणालीतही वजा होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पण ते भाड्याच्या उत्पन्नापुरतेच. महिन्याला २०,००० भाडे आले, वर्षाचा १०,००० मिळकतकर आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा झाले की १,६१,००० उरतात. तेवढे व्याज त्यातून जाते आणि त्या भाड्यावर कर लागत नाही. बाकीचे व्याज मात्र नव्या प्रणालीत पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आम्हाला या घरात राहायचेच होते, त्यामुळे तो विषय तेथे संपला.

या निवडीचा एक परिणाम मी आधी धरला नव्हता. नव्या प्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर मला कोणतीही करसवलत नाही, म्हणजे कर्ज मला बँकेच्या पूर्ण दराने पडते. करासाठी कर्ज राहू द्यावे, हे कारण आता माझ्यापुरते उरलेले नाही. रेपो दर उतरल्याने डिसेंबरपर्यंत माझा दर पावणेआठ टक्क्यांवर आला होता. पीपीएफवर तेव्हा ७.१ टक्के करमुक्त व्याज मिळत होते, पण त्यात पैसे भरण्याची करसवलत नव्या प्रणालीत नाही. म्हणून खाते चालू राहण्यापुरते ५०० रुपये भरून त्या वर्षीचे बाकीचे ५९,५०० आणि टीडीएस कमी झाल्याने महिन्याला हातात उरलेले ४,४८५ मी वेगळ्या खात्यात साठवले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतपूर्व भरण्यावर शुल्क लागत नाही. मार्चमध्ये एक लाख रुपये घेऊन मी शाखेत गेले, तेव्हा खिडकीवरच्या मुलीने विचारले की हप्ता कमी करायचा की मुदत. मी मुदत सांगितली, आणि तिने छापून दिलेल्या नव्या वेळापत्रकात शेवटचा हप्ता मागे सरकलेला पाहून तो कागद त्याच फाइलीत लावला.